लपलेला कन्फाउंडर किती ताकदीचा असला तर निकाल उलटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, देवास, धार इथल्या प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या गाइडांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांसाठी शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे. समजा, बारावीच्या ४०८ विद्यार्थ्यांची माहिती हाताशी आहे. प्रश्न असा, की इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगला गेल्याने गणिताचे गुण वाढतात का? रिग्रेशनमध्ये सहा कंट्रोल आहेत: दहावीचे गणिताचे गुण, आईचं शिक्षण, घरचं उत्पन्न, मुलगा की मुलगी, माध्यम आणि शाळा सरकारी की खासगी. उत्तर आलं: कोचिंगमुळे ६ गुण जास्त, स्टँडर्ड एरर १.५, म्हणजे टी-व्हॅल्यू ४. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्याही खऱ्या पाहणीतले नाहीत.

१. सहा कंट्रोल टाकले आहेत. तरी व्हायव्हात "हिडन कन्फाउंडर असेल तर?" असं विचारतातच. हा नेमका कोण?

कोचिंगला जाणं आणि गुण मिळणं, या दोन्हींवर ज्याचा परिणाम होतो आणि जो तुमच्या फाइलमध्ये नाही, तो. एखाद्या घरात मोठा भाऊ इंजिनीअर आहे. धाकट्याला कोचिंगला तोच घालतो आणि रात्री बसून गणितंही तोच सोडवून घेतो. तुमच्या रिग्रेशनला भाऊ दिसत नाही, त्यामुळे त्याने मिळवून दिलेले गुणही कोचिंगच्या खात्यात जमा होतात. दोन्हींपैकी एकाच गोष्टीवर परिणाम असेल तर तो घटक कन्फाउंडर नाही. पेपरच्या दिवशी ताप आला म्हणून गुण कमी झाले, पण तापाचा कोचिंगशी संबंध नव्हता, तर ६ हा आकडा त्याने एका बाजूला झुकत नाही.

२. मग संवेदनशीलता विश्लेषण केलं की असा घटक आहे की नाही ते कळतं का?

नाही. जे मोजलंच नाही, ते त्याच डेटातून सापडत नाही. हे विश्लेषण वेगळा प्रश्न विचारतं: असा घटक असलाच, तर ६ गुणांचा शून्य करायला त्याची ताकद किती लागेल? आकडा हातात आला की इतक्या ताकदीचं काही खरोखर असू शकतं का, यावर बोलता येतं.

ही वाट सिगरेटच्या वादातून पडली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोन्हींमागे एकच आनुवंशिक प्रवृत्ती असू शकेल, अशी हरकत रोनाल्ड फिशर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस घेतली. जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांना धोका ९ पट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इतरांपेक्षा निदान ९ पट अधिक प्रमाणात आढळायला हवा. "असू शकेल" एवढ्यावर मग हरकत टिकेना, तसा घटक दाखवावा लागला.

३. आमच्या रिग्रेशनसाठी हा आकडा हाताने काढता येतो का?

येतो, कॅल्क्युलेटर पुरतो. कार्लोस सिनेली आणि चॅड हॅझलेट यांनी २०२० साली मांडलेली ही पद्धत आहे. त्यातल्या मुख्य आकड्याला रोबस्टनेस व्हॅल्यू म्हणतात. टी-व्हॅल्यू आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम या दोनच गोष्टी लागतात. आपल्याकडे ४०८ विद्यार्थी आणि ८ गुणांक आहेत (कोचिंग, सहा कंट्रोल आणि इंटरसेप्ट), म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम ४००.

```
f  = |t| / sqrt(df) = 4 / 20 = 0.2
RV = ( sqrt(f^4 + 4*f^2) - f^2 ) / 2
   = ( sqrt(0.0016 + 0.16) - 0.04 ) / 2
   = 0.181
```

म्हणजे १८.१ टक्के. परिणाम पूर्ण शून्य होणं हीच तुमची सीमा असेल असं नाही. ६ चे २ गुण उरले तरी कोचिंगची फी वाया गेली असं तुमचं मत असेल, तर परिणामाचा दोनतृतीयांश भाग जाणं ही सीमा ठरते. मग `f` ला २/३ ने गुणून तेच सूत्र लावा. आकडा १२.५ टक्क्यांवर उतरतो.

४. हे १८ टक्के कशाचे टक्के? गाइडना हेच सांगता येत नाही.

हे पार्शल आर-स्क्वेअर आहेत आणि इथे दोन वेगळ्या मापांवर एकाच वेळी लागू होतात. पहिलं माप कोचिंगचं. सहा कंट्रोलनी जेवढं समजावता आलं तेवढं बाजूला काढल्यावर कोण कोचिंगला जातं यात जो फरक उरतो, त्यातला किती भाग लपलेला घटक समजावतो? दुसरं माप गुणांचं. सहा कंट्रोल आणि कोचिंग बाजूला काढल्यावर गुणांत जो फरक उरतो, त्यातला किती भाग तो समजावतो?

दोन्ही मापांवर घटक १८.१ टक्क्यांहून कमी असेल, तर तो ६ चा शून्य करू शकत नाही. दोन्हींवर जास्त असेल, तर करू शकतो. एकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी असेल, तर या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. बहुतेक चुका इथेच होतात, त्या प्रश्न ७ मध्ये उलगडल्या आहेत.

टक्क्यांचा अंदाज येत नसेल तर वर्गमूळ घ्या. १८.१ टक्के म्हणजे साधारण ०.४३ चा पार्शल कोरिलेशन. कंट्रोल टाकल्यानंतरही एवढा शिल्लक राहणं सामाजिक डेटात सोपं नाही, पण अशक्यही नाही.

५. परिणाम शून्य व्हायची वाट का पाहायची? नुसती सिग्निफिकन्स गेली तरी आमचा निकाल पडतो.

बरोबर, आणि म्हणून दुसरा आकडाही द्यायचा असतो. `f` मधून क्रिटिकल टी-व्हॅल्यूचा वाटा वजा करा (५ टक्के पातळीला १.९६६ भागिले ३९९ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०९८). उरलेल्या ०.१०२ ला तेच सूत्र लावलं की ९.७ टक्के येतात. दोन्ही मापांवर ९.७ टक्के असलेला घटकसुद्धा सिग्निफिकन्स घालवायला पुरतो. प्रबंधात फक्त १८.१ लिहून हा आकडा गाळला, तर जाणकार परीक्षक तोच विचारेल.

६. १८ टक्के चांगले की वाईट? कटऑफ सांगा.

कटऑफ नाही, आणि कुणी सांगितला तर मानू नका. तुलना आपल्याच मोजलेल्या कंट्रोलशी करायची. आईच्या शिक्षणाइतका जोरकस एखादा घटक सुटला असेल तर काय होईल, असा विचार करा.

समजा, बाकी कंट्रोल धरून आईचं शिक्षण कोचिंगमधल्या उरलेल्या फरकाचा ४ टक्के आणि गुणांमधल्या उरलेल्या फरकाचा ३ टक्के भाग समजावतं. तेवढ्याच ताकदीच्या लपलेल्या घटकाची मापं ४.२ आणि ३.४ टक्के येतात. ती थोडी फुगतात, कारण आईचं शिक्षणही बाजूला काढल्यावर उरलेला फरक लहान होतो. गुणांकडचं माप आणखी थोडं फुगतं, कारण घटक आईच्या शिक्षणापासून स्वतंत्र धरला तरी कोचिंग स्थिर ठेवल्यावर दोघांत थोडा संबंध तयार होतो. मग ६ मधून किती कमी होईल, म्हणजे बायस किती, त्याचं सूत्र असं. त्यात `R2_D` हे कोचिंगकडचं माप आणि `R2_Y` हे गुणांकडचं:

```
bias = se * sqrt(df) * sqrt( R2_Y * R2_D / (1 - R2_D) )
     = 1.5 * 20 * sqrt( 0.0336 * 0.0417 / 0.9583 )
     = 1.15
```

६ चे ४.८५ गुण उरतात. घटक आईच्या शिक्षणाच्या दुप्पट ताकदीचा धरला तर ३.६५ उरतात आणि टी २.४ असतो. तिप्पट धरला तर २.३९ उरतात, टी १.५७ होतो आणि सिग्निफिकन्स जाते. म्हणजे वाक्य असं होईल: आईच्या शिक्षणाच्या दुप्पट ताकदीचा घटक सुटला असला तरी निकाल टिकतो, तिप्पट ताकदीचा असेल तर टिकत नाही. नुसत्या १८ टक्क्यांपेक्षा हे वाक्य वाचणाऱ्याच्या कितीतरी कामाचं आहे.

७. आम्ही दहावीच्या गुणांशी तुलना केली तर निकाल कोसळला. रोबस्टनेस व्हॅल्यू १८ असताना असं कसं?

गणित बरोबर आहे. समजा, दहावीचे गुण कोचिंगमधल्या उरलेल्या फरकाचा फक्त ५ टक्के भाग समजावतात, पण बारावीच्या गुणांमधल्या उरलेल्या फरकाचा तब्बल ३० टक्के. त्यांच्याइतक्या ताकदीच्या घटकाची मापं ५.३ आणि ४७.६ टक्के येतात. पहिलं माप १८ च्या खूप खाली, दुसरं खूप वर. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली तिसरी स्थिती ती हीच.

म्हणून रोबस्टनेस व्हॅल्यूवर न थांबता दोन्ही मापं सूत्रात घाला. बायस ४.८८ येतो. ६ चा १.१२ उरतो, टी जेमतेम १. चिन्ह उलटलं नाही, पण सांगण्यासारखं काही उरलंही नाही.

दोन्ही मापं एकसारखी नाहीत, हेही सूत्रात दिसतं. कोचिंगकडचं माप छेदातही आहे, त्यामुळे ते वाढलं की बायस झपाट्याने वाढतो. गुणांकडचं माप १०० टक्क्यांपलीकडे जाऊच शकत नाही. ते पूर्ण १०० धरलं तरी ६ चा शून्य करायला कोचिंगकडे ३.८५ टक्के लागतातच. हा आकडा `t²/(t²+df)` ने, म्हणजे १६ भागिले ४१६ करून मिळतो. सॉफ्टवेअर तो आपोआप छापतं आणि लोक तो वाचत नाहीत.

८. मग तुलना कुणाशी करायची, आईच्या शिक्षणाशी की दहावीच्या गुणांशी? दोन्हींतून उलट उत्तरं येतात.

इथे सूत्र संपतं आणि विषयाची जाण लागते. विचार असा करा: सुटलेला घटक दहावीच्या गुणांइतका जोरकस असू शकतो का, आणि तोही दहावीचे गुण आधीच धरलेले असताना? लपलेल्या घटकाची ताकद नेहमी कंट्रोल वजा जाता मोजायची असते. "मुलाची हुशारी" हा तगडा कन्फाउंडर वाटतो, पण तिचा बराचसा भाग दहावीच्या गुणांत येऊन गेला आहे. मोजायचा तो फक्त उरलेला भाग.

आता एक खरी अडचण. काही कोचिंग प्रवेशाआधी चाचणी घेतात आणि तिच्यावरून प्रवेश किंवा फीची सवलत देतात. त्या चाचणीचे गुण तुमच्याकडे नाहीत, पण कोण आत गेलं हे त्यांनी थेट ठरवलं आहे. म्हणून कोचिंगकडचं माप ५ टक्क्यांहून बरंच मोठं असू शकतं. गुणांकडचं माप लहान असेल, कारण चाचणी आणि दहावीचं गणित यांत बरंच साम्य असतं. तुमच्या यादीतल्या कोचिंगमध्ये अशी चाचणी असेल तर आमच्या मते आईच्या शिक्षणाशी केलेली तुलना पुरेशी नाही, दोन्ही तुलना छापा. चाचणी नसेल आणि पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश असेल, तर आईचं शिक्षण आणि घरचं उत्पन्न या तुलना जास्त रास्त. तिथे जाऊन विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

९. आर मध्ये कसं करायचं?

`sensemakr` पॅकेज वापरा.

```r
library(sensemakr)
m <- lm(gun12 ~ coaching + gun10 + aai + utpanna +
          mulgi + madhyam + shala, data = d)
s <- sensemakr(model = m, treatment = "coaching",
               benchmark_covariates = "aai", kd = 1:3)
summary(s)
plot(s)
plot(s, sensitivity.of = "t-value")
```

दोन ठिकाणी मुलं अडकतात. एक, `benchmark_covariates` मध्ये फाइलमधल्या कॉलमचं नाव चालेलच असं नाही, रिग्रेशनच्या आउटपुटमध्ये छापलेलं गुणांकाचं नाव लागतं. `madhyam` फॅक्टर असेल तर ते `madhyamMarathi` असं काहीसं होतं. दोन, दहावीच्या गुणांसाठी `kd = 1:3` दिलं तर गुणांकडचं माप १०० टक्क्यांच्या वर जाऊ पाहतं आणि पॅकेज वॉर्निंग देतं. त्याचा अर्थ इतकाच, की दहावीच्या गुणांच्या तिप्पट ताकदीचा घटक असूच शकत नाही, कारण समजावायला तेवढा फरक शिल्लकच नाही. तिथे `kd = 1` पुरे.

१०. सॅम्पल दहा हजारांचं केलं तर हा धोका कमी होईल ना?

होणार नाही. सॅम्पल वाढलं की स्टँडर्ड एरर घटतो, पण कन्फाउंडर जिथल्या तिथे राहतो. उलट मोठ्या सॅम्पलमध्ये छोटा परिणामही भारदस्त टी-व्हॅल्यू घेऊन येतो. टी ४ च आहे पण डिग्रीज ऑफ फ्रीडम १०,००० आहेत, असं धरा. `f` होतो ०.०४ आणि रोबस्टनेस व्हॅल्यू फक्त ३.९ टक्के. कागदावर तीन तारे तेच, पण निकाल कितीतरी हलका.

११. घटक एक नाही, पाच-सहा सुटले असतील तर?

सगळे मिळून एकच घटक धरा. मापं त्या एकत्रित गटाची: भाऊ, वस्ती, जिद्द, शाळेतले शिक्षक, सगळे मिळून उरलेल्या फरकाचा किती भाग समजावतात? खरा बायस या हिशेबातून येणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त होत नाही. बहुतेकदा कमीच भरतो, कारण काही घटक एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. मात्र प्रश्न ६ मधली "आईच्या शिक्षणाच्या दुप्पट" ही तुलनाही मग पूर्ण गटासाठी वाचावी लागते, आणि गटाला दुप्पट होणं एकट्या घटकापेक्षा सोपं असतं.

१२. लपलेला घटक नेहमी परिणाम कमीच करेल, असं का धरता?

धरत नाही. सूत्र फक्त बायसचा आकार देतं, दिशा तुम्हाला सांगावी लागते. गणितात कच्ची मुलंच कोचिंगला जास्त जात असतील आणि तो कच्चेपणा दहावीच्या गुणांत पुरता दिसत नसेल, तर खरा परिणाम ६ हून जास्त असेल. पॅकेज डीफॉल्टने परिणाम घटवणारी दिशा घेतं, कारण परीक्षकाची हरकत त्याच बाजूने येते. दिशेबद्दल ठाम कारण असेल तर ते वाक्यात लिहा.

१३. आमचे स्टँडर्ड एरर शाळेनुसार क्लस्टर केलेले आहेत. तोच टी घालायचा?

नाही. `f` चं सूत्र पार्शल आर-स्क्वेअरवर उभं आहे आणि टी-व्हॅल्यूवरून ते फक्त साध्या स्टँडर्ड एररच्या टीनेच बरोबर निघतं. क्लस्टर केल्यावर टी बहुधा घसरतो (४ चा २.८ वगैरे). तो घातला तर परिणाम शून्य करणारा आकडा विनाकारण कमी दिसतो. त्या आकड्यासाठी साध्या `lm` चा टी घ्या. प्रश्न ५ मधला सिग्निफिकन्सचा आकडा मात्र क्लस्टर असताना जसाच्या तसा विश्वासाचा नाही. तिथे शाळा पुन्हा पुन्हा निवडून बूटस्ट्रॅप करणं बरं.

१४. अभ्यासाचे तास हा सर्वांत जोरदार कंट्रोल आहे. बेंचमार्क म्हणून तोच घेतला तर चालेल?

तास कधीचे, यावर ते अवलंबून आहे. कोचिंग सुरू होण्याआधीचे असतील तर चालेल. कोचिंग लागल्यावर वाढलेले असतील, तर तो कोचिंगचाच परिणाम झाला. असा चल कंट्रोलमध्येही नको आणि बेंचमार्कमध्येही नको. त्याने ६ हा आकडा स्वतःच बिघडतो, आणि बिघडलेल्या आकड्याची संवेदनशीलता तपासून हाती काही लागत नाही.

१५. आमचा निकाल गुणांत नाही, "पास की नापास" असा आहे. मग?

जोखमीचं गुणोत्तर असेल तर ई-व्हॅल्यू काढा. टायलर व्हँडरवील आणि पेंग डिंग यांनी ती २०१७ साली मांडली.

```
E = RR + sqrt( RR * (RR - 1) )
```

समजा, कोचिंगवाल्यांची पहिल्या श्रेणीत येण्याची शक्यता १.८ पट आहे. ई-व्हॅल्यू येते १.८ अधिक १.२, म्हणजे ३. लपलेला घटक कोचिंगशी आणि पहिल्या श्रेणीशी, दोन्हींशी निदान ३ पटीच्या संबंधात असेल तर एकटा तो १.८ चा १ करू शकतो. एका बाजूला ३ हून कमी असेल तर दुसऱ्या बाजूला जास्त लागेल. हेच कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या १ ला जवळ असलेल्या टोकासाठीही काढा. ते टोक १.२५ असेल तर आकडा १.८१ वर येतो, आणि सांगताना तोही सांगायचा.

नेहमीची चूक लॉजिस्टिकमधला ऑड्स रेशो थेट या सूत्रात घालण्याची. निकाल दुर्मीळ असेल तर चालतं. पहिल्या श्रेणीत निम्मा वर्ग येत असेल तर ऑड्स रेशो जोखमीच्या गुणोत्तरापेक्षा बराच फुगलेला असतो. निकालाचं प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असेल तर आधी ऑड्स रेशोचं वर्गमूळ घ्या, मग सूत्र लावा.

१६. कोचिंग मध्येच सोडलेली मुलं आमच्या यादीत नाहीत. हेही या विश्लेषणात येतं का?

येत नाही. तो निवडीचा दोष आहे. तुम्ही फक्त टिकून राहिलेल्यांचे गुण पाहिलेत, आणि रोबस्टनेस व्हॅल्यू ४० टक्के आली तरी त्यावर तिचा काही उपयोग नाही. गुणांच्या नोंदीतल्या चुका, किंवा घरचं उत्पन्न लोकांनी कमी सांगणं, हेही या आकड्यांच्या बाहेरचं. सोडून गेलेल्यांची नावं प्रवेशाच्या वहीत बहुधा असतात. त्यांचे बारावीचे गुण मिळवून त्यांना कोचिंगच्या गटातच धरा, रिग्रेशन पुन्हा चालवा आणि मग प्रश्न ३ पासून हिशेब नव्याने करा.